समितीसमोर मुलाखत झाली, आता आभाराचं पत्र: नक्की काय लिहू?

तास_तिसरा
मंडळी, काल एका शाळेत सहावी ते आठवीच्या गणितासाठी मुलाखत झाली. समोर सात जण होते: अध्यक्ष, सचिव, आणखी दोन विश्वस्त, मुख्याध्यापिका, गणिताच्या एक ज्येष्ठ शिक्षिका आणि पालक प्रतिनिधी. आधी सहावीच्या वर्गावर वीस मिनिटांचा पाठ, मग अर्धा तास प्रश्न.

पाठ दशांश अपूर्णांकांच्या तुलनेचा होता. सुरुवातीलाच विचारलं, ०.४५ मोठा की ०.६? निम्म्याहून जास्त हात ०.४५ ला वर. का, ते विचारत बसले आणि त्यातच वेळ गेला. शेवटी घाईघाईत सांगितलं की ०.६ च्या पुढे शून्य दिला तरी किंमत बदलत नाही, म्हणजे ते ०.६०, आणि ६० हे ४५ पेक्षा मोठे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मग ६ आणि ६० पण सारखेच का?" तेवढ्यात घंटा झाली. ज्येष्ठ बाईंच्या कपाळावर आठी दिसली.

मुलाखतीत एका विश्वस्तांनी विचारलं, "निकाल किती टक्के लावाल?" मी "शंभर टक्के प्रयत्न करेन" असं काहीतरी पुटपुटले. बाकी ठीक झालं.

आता आभाराचं पत्र पाठवायचंय. हा कच्चा मसुदा:

> आदरणीय महोदय/महोदया,
> काल आपण मला मुलाखतीची अमूल्य संधी दिलीत याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा पाहून मी भारावून गेले. ज्ञानरचनावादी पद्धतीने, विद्यार्थिकेंद्री अध्ययन अनुभव देत प्रत्येक विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास साधणे हे माझे ध्येय आहे. संधी मिळाल्यास मी तिचे सोने करेन.

वाचून मलाच कसंतरी होतंय. सुधारून द्या.

दिवेलागण
सोनं करणं सोडून द्या, बाकी छान आहे. फक्त एक सांगतो. पत्र एकच काढू नका, साती जणांना वेगवेगळं पाठवा. प्रत्येकाने विचारलेल्या प्रश्नाचा उल्लेख करा. मी नोकरीच्या वेळी असंच केलं होतं आणि नेमणूक झाली. माणसाला आपली दखल घेतलेली आवडते.

जुनी_घंटा
मी सोळा वर्षं मुख्याध्यापक होतो, अशा समित्यांत बरेचदा बसलो आहे. दिवेलागण, प्रश्नाचा उल्लेख करा हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. सात पत्रांचं मात्र करू नका. समिती निर्णय एकत्र घेते. विश्वस्तांच्या घरच्या पत्त्यावर किंवा मोबाईलवर वेगळं पत्र गेलं की त्याला आभार म्हणत नाहीत, गळ घालणं म्हणतात. आमच्याकडे एकदा दोन विश्वस्तांनी आपापली पत्रं बैठकीत काढली. दोन्हींत मजकूर तोच, फक्त "आपला प्रश्न सर्वांत मार्मिक होता" हे वाक्य दोघांनाही. पुढचा अर्धा तास सगळे हसत होते, उमेदवार सोडून.

पत्र एकच. ज्यांच्या सहीने मुलाखतीचं बोलावणं आलं त्यांच्या नावे. बोलावण्यावर मुख्याध्यापिकांची सही असेल तर त्यांना, सचिवांची असेल तर सचिवांना. आणि आत एक वाक्य: अध्यक्ष व सर्व सदस्यांपर्यंत माझे आभार पोहोचवावेत. कार्यालय तेच पत्र छापून फाइलला लावतं आणि बैठकीत फिरवतं. म्हणून ते कुणीही कुणासमोर मोठ्याने वाचलं तरी अवघडल्यासारखं होऊ नये, एवढं बघा.

एक विचारतो. निकालाचा प्रश्न नक्की कुणी विचारला, आठवतंय?

तास_तिसरा
नाही ना! दोन विश्वस्त शेजारी बसले होते, नावं घाईत सांगितली. पगडी... म्हणजे पांढऱ्या मिशा होत्या त्यांना, एवढंच आठवतं.

जुनी_घंटा
मग नाव घालू नका. "निकालाबाबत विचारण्यात आलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अपुरे दिले" इतकं पुरे. चुकीच्या माणसाच्या नावावर प्रश्न टाकलात तर ज्यांनी विचारला ते नाराज आणि ज्यांनी नाही विचारला ते बुचकळ्यात.

कोरा_कागद
माझीपण मुलाखत झाली होती, त्याला आता दोन महिने झाले. काहीच कळवलेलं नाही. आभाराचं पत्र पाठवलं नव्हतं, त्यामुळे असेल का? आता पाठवू का?

दिवेलागण
कोरा_कागद, तुमचा वेगळा विषय आहे, इथे पत्राचं चाललंय.

शतांश
मी गणितच शिकवते, म्हणून पत्रापेक्षा पाठाबद्दल बोलते, कारण मला वाटतं या पत्राचा जीव तिथेच आहे.

ताई, तुमचा पाठ अपुरा राहिला हे काही लपलेलं नाही. सातही जणांनी पाहिलंय. "शून्य दिला तरी किंमत बदलत नाही" हे वाक्य नियम म्हणून सांगितलं की मूल ते पूर्णांकांवरही लावतं आणि त्या मुलाने नेमकं तेच केलं. त्याचा प्रश्न तुमच्या पाठातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. ज्येष्ठ बाईंची आठी त्या प्रश्नावर नसणार, तुमच्या वाक्यावर असणार.

उत्तर काय द्यायला हवं होतं? ६ चे ६० होताना सहा हा अंक एककाच्या घरातून दशकाच्या घरात सरकतो. ०.६ चे ०.६० होताना सहा जिथे होता तिथेच, दशांशाच्या घरात राहतो. फक्त शतांशाचं रिकामं घर उघडून दाखवलं जातं. शंभर चौकटींचा चौरस काढून सहा उभ्या पट्ट्या रंगवल्या की सहा दशांश म्हणजेच साठ शतांश हे पोरांना दिसतं, सांगावं लागत नाही. त्यातच पंचेचाळीस चौकटींवर रेषा मारल्या की तुलनाही होऊन जाते.

हे पत्रात दोन वाक्यांत लिहा. राहिलेला धागा तुम्ही घरी जाऊन उचललात हे दिसेल.

दिवेलागण
स्वतःची चूक स्वतःच लेखी कळवायची? हे मला पटत नाही. विश्वस्तांपैकी कितीजणांच्या लक्षात आलं असेल? झाकली मूठ राहू द्या ना.

शतांश
विश्वस्तांच्या नसेल आलं. गणिताच्या बाईंच्या आलंय, आणि विषयाबद्दल समितीत सगळे बघणार त्यांच्याकडेच.

मधली_सुट्टी
नमस्कार, मी शिक्षक नाही. आमच्या मुलांच्या शाळेत पालक प्रतिनिधी म्हणून दोन निवडसमित्यांत बसलो आहे. खरं सांगू? "ज्ञानरचनावादी", "अध्ययन अनुभव" हे शब्द आले की आम्ही मान डोलावतो आणि पान उलटतो. आलेल्या चार-पाच पत्रांत "सर्वांगीण विकास" सगळ्यांत होता. नावं झाकली असती तर कोणतं कुणाचं कळलं नसतं. एकीने लिहिलं होतं की पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाची वही घरी नेऊन कुठे अडतो ते बघेन. ते मला अजून आठवतं.

तास_तिसरा
तिची निवड झाली?

मधली_सुट्टी
नाही, दुसऱ्यांची झाली. त्यांचा पाठ खूपच चांगला झाला होता.

जुनी_घंटा
हे बरं झालं निघालं. पत्राने फार काही उलटतं असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी गुणपत्रक त्याच दिवशी भरून सह्या होतात. दोन उमेदवार अगदी जवळजवळ असले, किंवा एखाद्या मुद्द्यावर समितीचं एकमत होत नसलं, तरच पत्राकडे पुन्हा वळून पाहिलं जातं. म्हणून ते दुसऱ्या दिवशीच गेलं पाहिजे. आठवडाभराने आलेलं पत्र निर्णयानंतर फाइलला लागतं.

आता ध्येयांचं. इथे लोक घसरतात ते दोन बाजूंनी. एक तर "सर्वांगीण विकास", ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही आणि कुणी मोजूही शकत नाही. नाहीतर "निकाल ९५ टक्के लावीन". दुसरं जास्त धोक्याचं. ते पत्र फाइलला राहतं आणि पुढच्या वर्षी तुमच्यापुढे ठेवलं जातं. मी स्वतः ठेवलं आहे, लपवत नाही. बिचाऱ्या बाईंनी वर्ग बघण्याआधीच आकडा दिला होता.

विश्वस्त निकाल विचारतात तेव्हा त्यांना खरं तर हे हवं असतं की वर्षभर काय चाललंय ते मार्चमध्ये एकदम कळू नये. तेव्हा आकडा देऊ नका. काय तपासाल, कधी तपासाल आणि त्याची माहिती कुणाला द्याल ते सांगा. ते तुमच्या हातात आहे, निकाल पूर्णपणे नाही. आणि ध्येयं दोनच ठेवा. मुलाखतीत जी बोललात तीच. पत्रात तिसरंच काही नवं निघालं की वाटतं, हे कुणीतरी लिहून दिलंय.

तास_तिसरा
मुलाखतीत मी म्हटलं होतं की मुलाचं उत्तर चुकलं तर ते का चुकलं ते आधी शोधते. आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास वेगळा. ही दोन घेते. पहिल्याचं असं लिहू का: "पहिल्या पंधरवड्यात ०.४५ आणि ०.६ सारखे प्रश्न देऊन कोण कुठे अडतं ते पाहीन"?

शतांश
दिशा बरोबर आहे, पण त्या एका जोडीवर विसंबू नका. ज्या मुलाला लांब अपूर्णांक मोठा वाटतो तो ०.४५ म्हणेल, चुकेल, सापडेल. पण काही मुलांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं: शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून दोन घरांचा अपूर्णांक नेहमी लहान. असं मूल ०.६ म्हणेल आणि तुम्ही शाबासकी द्याल. त्याच्यासाठी ०.७५ आणि ०.६ ही जोडी हवी. तिथे ते ०.६ सांगतं आणि पकडलं जातं. दोन्ही प्रकारच्या जोड्या मिसळून आठ-दहा प्रश्न दिले तर कोण कुठल्या समजुतीने चालतंय ते उत्तरांच्या नमुन्यावरूनच कळतं.

काल ज्यांनी ०.६ ला हात वर केले, त्यांच्यातही असे दोन-चार असतील, बरं का.

तास_तिसरा
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बरोबर म्हणणाऱ्यांना मी विचारलंच नाही का म्हणून.

मधली_सुट्टी
हे ०.७५ वालं पत्रात घालाच. मला आत्ता वाचतानाच मजा आली.

जुनी_घंटा
घालू नका असं माझं मत. ते आपलं पत्र आहे, पाठ टाचण नव्हे. एका पानाच्या आत, दीडशे ते दोनशे शब्दांत आटपा.

तास_तिसरा
रात्रभर घासून हे झालंय:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका
>
> विषय: गणित शिक्षक पदाच्या मुलाखतीबाबत आभार
>
> सप्रेम नमस्कार,
> काल सहावीच्या वर्गावर पाठ घेण्याची आणि समितीशी बोलण्याची संधी दिल्याबद्दल मनापासून आभार. मा. अध्यक्ष, सचिव, विश्वस्त आणि सर्व सदस्यांपर्यंत ते कृपया पोहोचवावेत.
>
> पाठाच्या शेवटी एका विद्यार्थ्याने विचारले की ०.६ आणि ०.६० सारखे, तर ६ आणि ६० सारखे का नाहीत. घंटा झाल्याने उत्तर राहिले. शून्याबद्दल मी सांगितलेले वाक्यही अर्धेच होते. पुढच्या तासाला मी शंभर चौकटींचा चौरस घेऊन सहा दशांश म्हणजेच साठ शतांश हे मुलांकडूनच रंगवून घेतले असते.
>
> निकालाबाबतच्या प्रश्नाचे उत्तरही मी अपुरे दिले. वर्ग ओळखीचा होण्याआधी आकडा सांगणे मला योग्य वाटत नाही. मी हे करू शकते: पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटांची छोटी चाचणी घेऊन प्रत्येक मूल कोणत्या समजुतीमुळे चुकते ते नोंदवीन, सहामाहीआधी तशाच प्रश्नांची चाचणी पुन्हा घेईन आणि दोन्हींतील फरक आपल्यासमोर ठेवीन. ज्यांची तीच चूक राहील त्यांच्यासाठी, मुलाखतीत म्हटल्याप्रमाणे, आठवड्यातून एक तास वेगळा ठेवीन. त्याची वेळ अर्थातच शाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहील.
>
> आणखी माहिती किंवा कागदपत्रे हवी असल्यास कळवावे.
>
> आपली विश्वासू

जुनी_घंटा
उत्तम. वेळापत्रकाचं वाक्य फार चांगलं सुचलं, नाहीतर मुख्याध्यापिका पहिला प्रश्न तोच विचारतात: तास आणणार कुठून? "अर्धेच होते" हे मात्र मी तरी गाळलं असतं.

शतांश
आणि मला नेमकं तेच वाक्य आवडलं.

दिवेलागण
मी अजूनही झाकली मूठवाला. पण पत्र चांगलं आहे, मान्य. पगाराबद्दल काहीच विचारलं नाहीत?

जुनी_घंटा
या पत्रात नाही. आभारात पगार आला की वरचं सगळं त्याच्यासाठी लिहिलं असं दिसतं.

तास_तिसरा
"अर्धेच होते" ठेवलं. बाईंनी ते तसंही पाहिलं आहे. काल सकाळी शाळेच्या ईमेलवर पाठवलं. पाठवण्याआधी बोलावणं पुन्हा उघडलं तर कळलं, सही मुख्याध्यापिकांची नव्हतीच, सचिवांची होती! प्रति बदललं, "सचिव" दोनदा येत होतं ते मधून काढलं, आणि आभाराच्या वाक्यात मुख्याध्यापिकांना आणलं. थोडक्यात वाचले.

संध्याकाळी कार्यालयाचं उत्तर आलं: पत्र मिळाले, समितीपुढे ठेवण्यात येईल. बस्स.

मधली_सुट्टी
"समितीपुढे ठेवण्यात येईल" म्हणजे निर्णय अजून व्हायचाय!

जुनी_घंटा
तसंच काही नाही हो. हे वाक्य कार्यालय प्रत्येकाला लिहितं.

कोरा_कागद
माझं राहिलंच. दोन महिने झालेत.

जुनी_घंटा
सॉरी, तुम्हाला मघाशी कुणी नीट उत्तर दिलं नाही. आभाराचं पत्र न पाठवल्याने नेमणूक अडलेली मी तरी पाहिली नाही. आता दोन महिन्यांनी आभार मानू नका, विचित्र दिसेल. सरळ तीन ओळींची चौकशी करा: अमुक तारखेला अमुक पदासाठी मुलाखत झाली, निवडप्रक्रिया पूर्ण झाली का, कृपया कळवावे. तारीख आणि पद न विसरता लिहा, कार्यालयाला फाइल शोधायला तेवढंच लागतं.

कोरा_कागद
तारीख बघावी लागेल. बोलावणं कुठे ठेवलंय कोण जाणे.